अठ्ठावीसचा आकडा फळ्यावर लिहू नकोस

प्रिय मित्रा,

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गाला मासिक पाळीचं चक्र शिकवायचं आहे, मुलं-मुली एकत्र बसणार आहेत, आणि सुरुवात कुठून करावी हे सुचत नाही, असं तू लिहिलंस. पुरुष शिक्षकानं हे शिकवलेलं चालेल का, हा तुझा दुसरा प्रश्न. चालेल. मुलींना अवघडल्यासारखं होतं ते समोर पुरुष उभा आहे म्हणून नाही, तो स्वतःच अवघडलाय हे दिसतं म्हणून. तू गर्भाशय हा शब्द फुप्फुस म्हणावं तितक्याच सहज म्हणालास, तर पाच मिनिटांत वर्ग शांत होतो.

आधी माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी फळ्यावर एक सुबक वर्तुळ काढलं. त्याचे अठ्ठावीस भाग केले, पाचव्या दिवशी रक्तस्राव संपतो, चौदाव्या दिवशी अंडमोचन म्हणजे अंडपेशी बाहेर पडते, अठ्ठाविसाव्या दिवशी चक्र पूर्ण, असं शिकवलं. सगळ्यांनी आकृती छान उतरवून घेतली. तास संपल्यावर एक मुलगी जिन्यापाशी थांबली होती. तिची पाळी अडतीस-चाळीस दिवसांनी यायची. "बाई, माझ्यात काही बिघाड आहे का?" एवढंच तिनं विचारलं, आणि ते विचारताना तिच्या हातातली वही थरथरत होती. माझ्या वर्तुळानं तिला आजारी ठरवलं होतं. त्या वर्गात तिच्यासारख्या आणखी किती जणी गप्प बसून आपापले दिवस मोजत होत्या, ते मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मी वर्तुळ काढत नाही, सरळ रेघ काढते. आणि तास तारखांपासून सुरू करते.

फळ्यावर चार तारखा लिही: 3 जून, 8 जुलै, 5 ऑगस्ट, 18 सप्टेंबर. सांग, की चौदा वर्षांच्या एका मुलीची पाळी या दिवशी सुरू झाली. ही मुलगी काल्पनिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून टाक, नाहीतर वर्ग माना वळवून शोधायला लागतो. वर्गातल्या कुणालाही स्वतःची तारीख विचारायची नाही, गमतीतही नाही. मग सगळ्यांना आपापल्या वहीत अंतर मोजायला सांग.

इथेच पहिला घोळ होतो, आणि तो होऊ दे. काही जण रक्तस्राव थांबल्यापासून मोजतील. काही म्हणतील, महिन्याची पाळी म्हणजे तीच तारीख यायला हवी, 3 जूननंतर 3 जुलै. दोन्ही चुका घरोघरी होतात, आणि "तारीख चुकली" ही अर्धी भीती त्यातूनच येते. नियम एकच आहे: रक्तस्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस, आणि पुढची पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ते चक्र संपतं. असं मोजलं की उत्तरं येतात 35, 28 आणि 44.

आता विचार, यातलं चुकीचं कोणतं? बहुतेक हात 44 ला वर होतील. तेव्हा सांग, की पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत 21 ते 45 दिवसांचं कुठलंही अंतर सर्वसाधारण धरतात. मोठ्या बायकांमध्ये ते साधारण 21 ते 35 वर येतं. म्हणजे या मुलीची तिन्ही चक्रं ठीक आहेत. हे वाक्य बोलून झाल्यावर थोडा थांब. काही चेहरे सैलावलेले तुला दिसतील, पण त्यांच्याकडे बघत राहू नकोस.

मग अंतर का बदलतं, हा खरा विज्ञानाचा प्रश्न येतो. चक्राचे दोन भाग असतात आणि ते सारखे वागत नाहीत. पहिल्या भागात मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी अंडाशयाला निरोप धाडते, तिथली एक पुटिका वाढू लागते, आणि तिच्यातून सुटणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचा अंतःस्तर जाड होत जातो. पुटिका पिकायला कधी दहा-बारा दिवस लागतात, कधी महिनाही लागतो. आजारपण, जेवणाची आबाळ, परीक्षेचा ताण, अती व्यायाम यांनी उशीर होतो तो बहुधा इथे. पुटिका फुटून अंडपेशी बाहेर पडली की दुसरा भाग सुरू होतो. रिकाम्या पुटिकेचं पीतपिंड बनतं, ते प्रोजेस्टेरॉन तयार करतं, आणि त्याच्या जोरावर अंतःस्तर टिकून राहतो. गर्भधारणा झाली नाही तर हे पीतपिंड साधारण चौदा दिवसांत आटतं. प्रोजेस्टेरॉन उतरतं, अंतःस्तराच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तो स्तर सुटतो आणि पाळी येते.

म्हणून अंडमोचनाचा दिवस पुढे मोजून नाही, मागे मोजून काढायचा. 8 जुलैच्या चौदा दिवस आधी, म्हणजे 24 जूनच्या आसपास. तो चक्राचा बाविसावा दिवस. पुढच्या चक्रात 22 जुलै, पंधरावा दिवस. 44 दिवसांच्या चक्रात 4 सप्टेंबर, एकतिसावा दिवस. मुलांनी हे तीन आकडे स्वतः काढले की 'चौदावा दिवस' हे पाठांतर आपोआप गळून पडतं. रेघेवर अंडमोचनानंतरचा तुकडा तीनही वेळा सारख्याच लांबीचा काढ, आधीचा लहान-मोठा. डोळ्यांना जे दिसतं ते समजवावं लागत नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांग. चौदा हा अंदाज आहे, दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतात. आणि या वयात काही चक्रांत अंडपेशी बाहेरच पडत नाही, कारण मेंदू आणि अंडाशय यांचा मेळ अजून बसायचा असतो. तेव्हा पीतपिंड नसतं, प्रोजेस्टेरॉन नसतं, अंतःस्तर वाढत राहतो आणि केव्हातरी अनियमितपणे सुटतो, कधी जास्तही. आपल्या मुलीचं 44 दिवसांचं चक्र तसंही असू शकेल. तारखा पाहून ते सांगता येत नाही.

कुणीतरी विचारेल, म्हणजे कुठले दिवस 'सुरक्षित' ते काढता येतात का? बहुधा मागच्या बाकावरून, हसू दाबत. हा प्रश्न झिडकारू नकोस. तो फार कामाचा आहे आणि उत्तर याच गणितात आहे: मागे मोजायला पुढची तारीख लागते, आणि ती अजून आलेलीच नसते. त्यातून शुक्रपेशी शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तेव्हा कॅलेंडर बघून ठरवलेल्या दिवसांवर, विशेषतः या वयात, भरवसा ठेवता येत नाही. एवढं सांगून पुढे जा.

रक्ताबद्दल बोलताना प्रयोगशाळेतलं मोजपात्र वर्गात ने. त्यात 40 मिलिलिटर पाणी घे, थोडा लाल रंग टाक. एका पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, तेही दोन ते सात दिवसांत मिळून. पात्र बाकांमधून फिरू दे. "एवढंच?" असं मुलं म्हणतात. मग त्यातलं चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर, पांढऱ्या सुती कापडावर ओत. डाग तळहाताएवढा पसरतो, आणि मग मुली म्हणतात, "एवढा!" मुलांना तेव्हा कळतं की कपड्यावर डाग पडायला किती थोडं पुरतं, आणि मुलींना कळतं की डाग मोठा दिसला म्हणून अंगातलं रक्त संपत नाही. हे रक्त म्हणजे रक्तवाहिन्यांमधलंच रक्त, सोबत अंतःस्तराचे कण आणि चिकट स्राव. 'खराब रक्त बाहेर पडतं' असं कुणी म्हणालं तर याच वेळी दुरुस्त कर. पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी ते तपकिरी दिसतं, कारण बाहेर यायला वेळ लागलेला असतो. दुसरं काही नाही.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घे, आणि प्रत्येकानं चिठ्ठी टाकलीच पाहिजे असा नियम कर. प्रश्न नसेल त्यानं 'प्रश्न नाही' असं लिहावं. नाहीतर कोण लिहितंय हे सगळे बघत बसतात. माझ्याकडे दरवर्षी एक चिठ्ठी हमखास येते, बहुधा मुलाची: लघवीसारखं हे थांबवून का धरता येत नाही? छान प्रश्न आहे. मूत्रमार्गाभोवती आपल्या इच्छेनं आवळता येणारा स्नायू असतो, गर्भाशयाच्या तोंडाशी तसा नसतो. त्या मुलाला हे कळलं की सुट्टीची वाट न बघता मुलगी वर्गाबाहेर का धावते, ते वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी चिठ्ठी: रक्तात अंडं दिसतं का? नाही. ती पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, आणि फलन झालं नाही तर दिवसभरात ती विरून जाते, पाळीच्या कितीतरी आधी.

पोट का दुखतं, हेही येईल. अंतःस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळतो. जास्त तयार झाली तर आवळणंही जास्त. म्हणून कुणाला काहीच जाणवत नाही आणि कुणाला उठवत नाही. 'नाटक करते' हा शब्द वर्गात आलाच तर हे कारण पुढे ठेव.

डॉक्टरकडे कधी जायचं ते मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि तास संपेपर्यंत पुसत नाही. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही. सुरू झाल्यावर मध्ये 90 दिवसांहून जास्त खंड पडला. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, किंवा दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजतो. वेदनाशामक घेऊनही शाळा बुडते इतकं दुखतं. हे मुलांनीही वहीत उतरवून घ्यावं. घरी बहीण असते.

तासानंतर एखादी जिन्यापाशी थांबली, तर लगेच 'काही नाही गं, होतं असं' म्हणू नकोस. तारखा आठवतात का विचार, नसतील तर पुढच्या तीन पाळ्यांच्या पहिल्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करायला सांग. डॉक्टरकडे जावं लागलं तरी तिथे पहिला प्रश्न तोच असतो.

मोजपात्र आदल्या दिवशीच मागून ठेव, आणि कापड सुती घे. कृत्रिम धाग्यावर पाणी नुसतं ओघळतं, डाग पसरत नाही.

तुझी,
बाई