आईला सांगितलेली ती भेट

"ताई, मी 31 वर्षांची आहे. डोंबिवलीत आईसोबत राहते आणि फोर्टला नोकरी करते. जूनमध्ये लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावर एका मुलाशी ओळख झाली. तो ठाण्याला राहतो. रोज रात्री अकरानंतर आमचे चॅटिंग सुरू होते, ते कधी कधी दोन वाजेपर्यंत चालते. इतके समजून घेणारे माणूस मला आजवर मिळालेले नाही. दोनदा व्हिडिओ कॉलही झाला आहे. पण भेटायचे म्हटले की आधी ऑफिसचे ऑडिट होते, मग मावशीचे आजारपण आले, मग 'एवढ्या पावसात कशाला' झाले आणि आता दिवाळी उलटून गेल्यावर 'योग्य वेळ आली की भेटूच' असे उत्तर येते. बाकीची स्थळे मी थांबवून ठेवली आहेत. आई सारखी विचारायची, म्हणून तिला आम्ही एकदा भेटलो असे सांगून टाकले, त्यामुळे घरात आता शांतता आहे. त्याच्यावर दबाव न आणता त्याला भेटीसाठी कसे तयार करावे?"
– अनामिका, डोंबिवली

प्रिय अनामिका,

आईला सांगितलेल्या भेटीबद्दल तुम्ही जाता जाता एकच वाक्य लिहिले आहे. मी मात्र तुमचे पत्र वाचताना तिथेच थांबले, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या वाक्यात आहे.

आईने त्या दिवशी पुढे काय काय विचारले असेल, हे मला तुम्ही न सांगताही कळते. कुठे भेटलात, तो दिसायला फोटोसारखाच आहे का, उंची किती वाटली, बोलायला कसा आहे, बिल कोणी दिले, घरचे काय म्हणतात. या प्रत्येक प्रश्नाला तुम्ही काहीतरी उत्तर दिले असणार आणि ते रात्रीच्या गप्पांतून वेचून आणलेले असणार. म्हणजे पाच महिने जी भेट तो ठरवत नाही, ती तुम्ही त्याच्या वतीने घडवून आणली, त्याच्या वतीने आईसमोर चांगली वठवली आणि त्याला त्यातून मोकळे केले. 'दबाव न आणता' असे तुम्ही लिहिता, पण त्याच्यावर येऊ शकला असता असा जो एकमेव दबाव होता, तो तुम्ही स्वतःच्या हाताने काढून घेतला आहे. मला याचा राग येतो आणि तो लपवावा असे वाटत नाही. राग त्याच्यापेक्षा तुमच्यावर अधिक आहे, कारण त्याचे तर काहीच बिघडत नाही.

आईचे प्रश्न म्हणजे घरातली कटकट असे तुम्ही धरून चालला आहात. लग्न ठरवण्याच्या आपल्या पद्धतीत ते प्रश्न म्हणजेच चौकशी असते. मुलगी भेटून आली की आई तिच्याकडून आडनाव, गाव, इमारतीचे नाव, वडील कुठून निवृत्त झाले हे काढून घेते, मग ठाण्यात राहणाऱ्या एखाद्या भाचीला किंवा जुन्या शेजारणीला फोन जातो आणि त्या घरात प्रत्यक्ष काय आहे ते दोन दिवसांत कळते. ही चौकशी कधी कधी जाचक होते हे खरे आहे, पण तुमच्या बाबतीत ती सुरूच झाली नाही, कारण मुलीने मुलाला डोळ्यांनी पाहिले आहे, असे आई समजून बसली आहे. आज त्या माणसाला तुमच्या बाजूच्या एकाही व्यक्तीने पाहिलेले नाही, आणि तशी गरज आहे हेही तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही.

संकेतस्थळावर त्याच्या नावापुढे पडताळणीची खूण असेल, तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. अशा संकेतस्थळांनी सदस्यांकडून ओळखीचा पुरावा घ्यावा, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने 2016 मध्ये दिल्या आहेत आणि त्या योग्यच आहेत. पण ओळखपत्रावरून माणसाचे नाव आणि जन्मतारीख कळते, मोबाइल क्रमांक त्याचाच आहे हे कळते. तो अविवाहित आहे का, घटस्फोटाचा दावा चालू आहे का, घरात त्याच्या लग्नाचा विषय तरी निघाला आहे का, यांपैकी काहीही त्या खुणेवरून कळत नाही. व्हिडिओ कॉलने फोटोतला माणूस खरा असावा एवढे बहुतेक कळले. ते चांगले झाले, पण त्याच्यापुढची पायरी व्हिडिओ कॉलवर चढता येत नाही.

आता त्याच्या सबबींकडे पाहू. ऑडिट संपते, मावशी बरी होते, पाऊसही उघडतो. सबब खरी की खोटी याचा शोध घेण्याची मुळीच गरज नाही, तिच्या शेपटाला दुसरा दिवस बांधलेला आहे का, एवढेच पाहायचे असते. खरोखर अडलेला माणूस 'या शनिवारी जमत नाही, पुढच्या रविवारी सकाळी चालेल का' असे विचारतो, कारण नकार दिल्यावर समोरचे माणूस निसटेल ही धास्ती त्याला असते. तुमच्या पत्रात एकदाही त्याने स्वतःहून वार सांगितलेला नाही. तुम्ही सकाळी डोंबिवलीहून गाडी पकडता ती ठाण्याला थांबते आणि संध्याकाळी परतताना पुन्हा थांबते. ज्याला तुमच्याशी रात्री तीन तास बोलावेसे वाटते, त्याला पाच महिन्यांत एकदाही 'आज ठाण्याला उतर, फलाटावरच दहा मिनिटे चहा घेऊ' असे म्हणावेसे वाटले नाही. पावसाने गाड्या बंद पडतात तेव्हाची गोष्ट वेगळी, पण त्या काही रोज बंद पडत नाहीत.

तो असा का वागतो? विवाहित असेल, घरच्यांना कळू द्यायचे नसेल, फोटो जुने असल्यामुळे संकोच असेल, किंवा झोप येईपर्यंत कोणीतरी ऐकणारे हवे इतकीच त्याची गरज असेल. रात्री अकरानंतरचीच वेळ पाहून मला पहिल्या शक्यतेची शंका येते, पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय कारण कोणतेही असले तरी तुम्हाला जे करायचे आहे ते बदलत नाही. त्याला भेटीतून जे मिळाले असते, ते सगळे त्याला आत्ताच मिळते आहे. तुमचा वेळ, तुमची माया, तुमच्या दिवसभराचा वृत्तांत आणि थांबवून ठेवलेली बाकीची स्थळेसुद्धा. हे चालू असेपर्यंत तो स्वतःहून तयार होईल, ही आशा सोडा.

तेव्हा आज रात्री त्याचा संदेश येण्यापूर्वी आईजवळ जाऊन बसा आणि आमची भेट झालेली नाही, असे तिला सांगा. कारणमीमांसा नको, माफीचे लांबलचक भाषण नको. ती रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही, ते सोसा. हे झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका, कारण त्याने पुन्हा टाळाटाळ केली की ती लपवण्यासाठी तुम्ही घरात दुसरी भेट रचाल, अशी मला साधार भीती वाटते.

आईशी बोलून झाल्यावर त्याला एक संदेश पाठवा. मी तो लिहूनच देते, म्हणजे तुम्ही त्यात साखर घोळत बसणार नाही. 'या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी तलावपाळीला येते. राम मारुती रोडवर कुठेतरी बसून तासभर बोलू. शनिवार जमत नसेल तर पुढच्या आठ दिवसांतला तुला सोयीचा दिवस आणि वेळ कळव. भेट होईपर्यंत मी रात्री चॅट करणार नाही.' एवढेच. शेवटी हसरा चेहरा टाकू नका, 'राग आला नाही ना' असे विचारू नका. जागा त्याच्या गावातली आहे, वेळ उजेडाची आहे आणि तासाची मर्यादा आहे, त्यामुळे 'लांब पडते' किंवा 'इतका वेळ नाही' म्हणायला जागा राहत नाही. शेवटचे वाक्य मात्र पाळायचे असते. त्या रात्री अकरा वाजता फोन हातात घेतलात तर सगळा संदेश फुकट गेला असे समजा.

उत्तर म्हणून बहुधा एक लांब, हळवा व्हॉइस मेसेज येईल. तुझा माझ्यावर विश्वास नाही का, आपले नाते इतके वरवरचे आहे का, मला वाटले होते तू इतरांसारखी नाहीस, अशी वाक्ये त्यात असतील आणि ती ऐकून तुमचे मन विरघळेल. तो मेसेज संपल्यावर फक्त एक गोष्ट तपासा, त्यात वार आणि वेळ आहे का. नसेल तर तो नकार आहे, कितीही गोड आवाजात दिलेला असो. तो हो म्हणून शनिवारी सकाळी रद्द करू शकतो. त्याच संदेशात दुसरा दिवस दिला असेल तर एकदा, फक्त एकदा, मान्य करा. आणि तो खरेच भिडस्त असेल तर तसे सरळ सांगेल, तासाऐवजी अर्धा तास मागेल किंवा बहिणीला सोबत आणू का असे विचारेल. अशा माणसाला आनंदाने सवलत द्या, कारण तो भेटीच्या दिशेने येतो आहे. भेटीआधीच अडकलेल्या पैशांची, गुंतवणुकीच्या एखाद्या ॲपची किंवा तातडीच्या उसनवारीची गोष्ट निघाली, तर मात्र एक रुपयाही न देता बोलणे तिथेच बंद करा. पैसे आधीच दिलेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

आठ दिवसांत दिवस ठरला नाही, तर नवव्या दिवशी संकेतस्थळावर त्याचे स्थळ नाकारा आणि थांबवून ठेवलेल्या स्थळांना उत्तरे लिहायला घ्या. त्याला निरोपाचे पत्र लिहू नका, कारण त्यातून पुन्हा रात्री दोनपर्यंत चालणारे बोलणे सुरू होते.

तो आला, तर मला मनापासून आनंद होईल. कुठे आणि किती वेळ आहात हे आईला सांगून जा, आणि गप्पा रंगल्या तरी उठण्यापूर्वी त्याला एक प्रश्न नक्की विचारा, 'माझ्याबद्दल तुझ्या घरी कोणाकोणाला माहीत आहे?' उत्तर 'अजून कोणालाच नाही' असे आले, तर पुढची भेट त्याच्या आई-वडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाच्या तरी उपस्थितीत होईल हे तिथेच, त्याच टेबलावर, तारखेसह ठरवून घ्या.