उपचारासाठी मदतीचं आवाहन आलं, तर पैसे पाठवण्याआधी

सोसायटीच्या ग्रुपवर आजारी बाळाचा फोटो, लाखांचा खर्च आणि खाली क्यूआर कोड आला, की आधी खर्चाचं अंदाजपत्रक मागा. त्यावर रुग्णालयाचं नाव, रुग्णाचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का हवा. पण तेवढ्यावर विसंबू नका. कागद खरा आणि क्यूआर मात्र भलत्याचाच, असंही होतं.

रुग्णालय पुण्यातलं असेल तर काम सोपं आहे. मेसेजमधला नंबर लावू नका. रुग्णालयाच्या वेबसाइटवरचा नंबर लावून समाजसेवा विभाग मागा. आजाराची माहिती ते देणार नाहीत, आणि देऊही नये. विचारायचं एवढंच: या नोंदणी क्रमांकावर थेट बिलात पैसे भरता येतील का? 'हो' म्हणाले तर तिथेच भरा आणि पावती घ्या. असा रुग्णच नाही म्हणाले, तर विषय संपला.

रुग्णालय धर्मादाय असेल तर कुटुंबाने सवलतीचा अर्ज केलाय का, तेही विचारा. अशा रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. कधी कधी पैशांपेक्षा ही माहितीच जास्त कामाला येते.

क्यूआरनेच द्यायचे असतील तर पिन टाकण्याआधी दिसणारं खातेदाराचं नाव वाचा. ते रुग्णाचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं नसेल तर थांबा. देणगीच्या वेबसाइटवर 'टिप' आपोआप जोडलेली असते, ती शून्य करता येते. आणि व्यक्तीला दिलेल्या पैशांवर 80जीची करसवलत मिळत नाही, कुणी काहीही सांगो.