चार शिरोबिंदूंवरून चतुष्फलकाचं घनफळ

प्रश्न: A(1,1,1), B(3,1,2), C(2,4,1), D(1,2,5) या चतुष्फलकाचं घनफळ निश्चयकाने कसं काढायचं? माझं उत्तर ऋण येतंय.

उत्तर: एक शिरोबिंदू, समजा A, पकडा आणि बाकी तिघांतून त्याचे निर्देशक वजा करा. मिळणारे तीन सदिश निश्चयकाच्या ओळी होतात:

```
| 2 0 1 |
| 1 3 0 |
| 0 1 4 |
```

पहिल्या ओळीने विस्तार केला की 2(12−0) − 0 + 1(1−0) = 25. हे त्या तीन कडांवर उभ्या राहणाऱ्या समांतरषट्फलकाचं घनफळ झालं. चतुष्फलक त्याचा सहावा भाग, म्हणून 25/6 घन एकक.

तुम्ही बहुधा B आणि C यांची अदलाबदल केली असणार. दोन ओळी बदलल्या की चिन्ह उलटतं, आकडा तोच राहतो, केवलमूल्य घ्या. निश्चयक शून्य आला, तर मात्र चारही बिंदू एकाच प्रतलात आहेत.