एकच कार्ड पोस्टाने पाठवायचं तर नीट पॅक कसं करायचं?

प्रश्न: मी धुळ्याचा. एक चमकणारं पोकेमॉन कार्ड पुण्यातल्या मुलाला विकलंय. पातळ प्लास्टिकची स्लीव्ह आणि कडक प्लास्टिकचा टॉप लोडर घेतलेत. एवढं पुरेल का? मे महिना आहे, गरमीने काही होईल का?

उत्तर: भाऊ, एवढ्यावर भागणार नाही. टॉप लोडर कार्ड वाकू देत नाही, पण ते आत सरकायचं थांबत नाही. वाटेत कार्डांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं या सरकण्यामुळेच होतं, म्हणून आधी तेच सांगतो.

तुझं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं. साधा टॉप लोडर ३ बाय ४ इंचांचा, म्हणजे साधारण ७६ बाय १०२ मिलिमीटर. कार्ड स्लीव्हमध्ये घालून आत ठेवलं तरी वरच्या तोंडाशी जवळपास एक सेंटिमीटर जागा रिकामी राहते. पाकीट तोंडाच्या बाजूवर आपटलं की कार्ड तेवढं पुढे सरकतं आणि कोपऱ्यांना मार बसतो. मग लोक काय करतात, त्या तोंडावर सरळ चिकटपट्टी मारतात. तिची गोंदाची बाजू आत उघडी राहते आणि सरकलेली स्लीव्ह तिला चिकटते. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, टपालाच्या गाडीत तर त्याहून जास्त तापत असेल. साध्या पारदर्शक पट्टीचा गोंद अशा उन्हात पातळ होतो आणि कडेने बाहेर येतो. समोरचा माणूस कार्ड ओढून काढू लागला की स्लीव्हबरोबर गोंदही कार्डावर येतो.

म्हणून मी टॉप लोडरच्या तोंडाला पट्टी लावतच नाही. स्लीव्हचं आणि टॉप लोडरचं तोंड एकाच बाजूला ठेवतो. मग अख्खा टॉप लोडर चिकटणाऱ्या झाकणाच्या छोट्या पारदर्शक पिशवीत, तोंडाकडची बाजू आधी घालून, सरकवतो. म्हणजे टॉप लोडरचं तोंड पिशवीच्या बंद तळाशी टेकतं आणि कार्डाला बाहेर यायला वाट उरत नाही. मागे उरलेला भाग घट्ट दुमडून झाकण चिकटवायचं. पावसाळ्यात याच पिशवीने पाणीही अडतं. पिशवी नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातली मास्किंग टेप तोंडावर आडवी लाव आणि तिचं एक टोक स्वतःवरच दुमडून ठेव, म्हणजे ती कात्रीशिवाय निघते.

स्लीव्हमध्ये कार्ड घालताना कोपरा अडकत असेल तर जोर लावू नकोस. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा आधी कात्रीने जरासा तिरपा काप. टॉप लोडर किती जाडीच्या कार्डासाठी आहे ते पॉइंटमध्ये मोजतात; ३५ पॉइंटचा घे, तुझ्या कार्डाला तो पुरतो. जाड, कापडाचा तुकडा बसवलेल्या क्रिकेट कार्डाला १०० किंवा १३० पॉइंटचा लागतो. पातळ कार्ड तसल्या जाड खोळीत ठेवलं तर ते खुळखुळत राहतं.

आता पुठ्ठा. खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याचे साधारण १२ बाय १४ सेंटिमीटरचे दोन तुकडे काप. एका तुकड्यात पन्हाळ्या उभ्या येऊ दे, दुसऱ्यात आडव्या. पन्हाळीच्या रेषेवर पुठ्ठा सहज मोडतो, पण दोन्हींच्या दिशा वेगळ्या असल्या की कोणत्याच बाजूने मोडत नाही. टॉप लोडर मधोमध ठेव, पिशवीला मास्किंग टेपने एका तुकड्यावर चिकटव आणि मग दुसरा तुकडा वर ठेवून चारही कडा बांध. पुठ्ठा कोरडा हवा. केळीच्या खोक्याचा घेऊ नकोस, त्यात ओल असते.

ओल टाळायची ती चमकणाऱ्या कार्डासाठी. त्याच्या वरच्या थराला हवेतल्या ओलाव्याने फरक पडत नाही, पण खालचा कागद ओल शोषून फुगतो आणि कोरड्या हवेत आखडतो. त्यामुळे कार्ड कमानीसारखं वळतं. मे महिन्यात कार्ड थोडं वाकलेलं दिसलं तर ते तुझ्या पॅकिंगमुळे झालं असं नाही. म्हणून पाठवण्याआधी उजेडात दोन्ही बाजूंचे आणि कडेचेही फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठव, म्हणजे वळण आधीचं की वाटेतलं, हे त्यालाही कळेल.

हे सगळं कडक पुठ्ठ्याच्या पाकिटात घाल, साध्या कागदी लिफाफ्यात नको. टॉप लोडरचे टोकदार कोपरे लिफाफा फाडतात, शिवाय लिफाफा यंत्राच्या रुळांतून गेला तर आतला कडक तुकडा अडकतो. पाकीट बंद करण्याआधी कानाशी धरून हलव. आतून टक टक ऐकू आलं तर उघड आणि कुठला थर सैल आहे ते शोध.

पाकीट लाल पेटीत टाकू नकोस. खिडकीवर देऊन स्पीड पोस्ट कर आणि पावतीवरचा नंबर गिऱ्हाइकाला दे. कार्ड महाग असेल तर विमाही काढ. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ते तासभरही ठेवू नकोस. आणि आतल्या पुठ्ठ्यावर ठळक लिही, ‘ब्लेड वापरू नका, या बाजूने टेप ओढा’, कारण पाकीट उघडताना आत किती खोल पातं जातंय याचा अंदाज घेणाऱ्याला येत नाही.