स्पॉन्सरचे लोगो एका ओळीत सारखे दिसत नाहीत, साइझ कशी ठरवायची?

प्रश्न: कार्यक्रमाच्या बॅनरवर खाली पाच पार्टनरचे लोगो एका पट्टीत लावायचेत. सगळ्यांची हाइट सेम केली तरी एक भलामोठा दिसतो आणि एक पार गायब होतो. सगळे एका मापाचे वाटावेत म्हणून काय करतात? डोळ्यानेच अंदाज घ्यायचा की काही हिशोब आहे?

उत्तर:

हिशोब आहे, पण तो अर्ध्या रस्त्यापर्यंतच नेतो, तिथून पुढे डोळा. आणि त्या दोन्हीच्या आधी एक साफसफाई असते, ती बहुतेक जण सोडतात आणि मग हिशोबच चुकला असं म्हणतात.

सेम हाइट दिली की आडवा लांब लोगो जिंकतो, कारण तो त्याच उंचीत पाचसहा पट रुंद पसरतो. सेम विड्थ दिली की उलटं, गोल नाहीतर चौकोनी लोगो अंगावर येतो आणि लांब नावाचा लोगो दोऱ्यासारखा बारीक होतो. डोळा उंचीही मोजत नाही आणि रुंदीही मोजत नाही, एकूण किती जागा व्यापली आणि त्या जागेत किती रंग भरलाय हे बघतो. म्हणून सुरुवात क्षेत्रफळ सारखं ठेवून करायची.

आता ती साफसफाई. लोगोची फाइल आली की आधी बघा की चित्राच्या भोवती रिकामी जागा चिकटलेली आहे का. मागे मला एका पार्टनरकडून SVG आली होती, आत बारीक रेषांचं आडवं नाव, पण फाइलचा कॅनव्हास 300×300. नाव मात्र मधोमध 300×75 एवढ्याच पट्टीत होतं. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते तो चौकोनी लोगो आणि खरं बघितलं तर चारास एक. मी अर्धा तास डोकं खाजवलं की हाच एक इतका किरकोळ का दिसतोय. ओळखायचं सोपं आहे, लोगोच्या मागे तात्पुरता रंग भरा, वेबपेज असेल तर `outline: 1px solid red` टाका, चौकट चित्राला चिकटून दिसली पाहिजे. नसेल तर इलस्ट्रेटरमध्ये `Object > Artboards > Fit to Artwork Bounds`, इंकस्केपमध्ये सगळं सिलेक्ट करून `Ctrl+Shift+R`. इलस्ट्रेटरमध्ये एक गोची आहे, आत लपलेला क्लिपिंग मास्क किंवा बिनरंगाचा चौकोन असेल तर तोही मापात धरला जातो, त्यामुळे आधी `Ctrl+Y` दाबून आउटलाइन व्ह्यूमध्ये बघा आणि तसलं काही सापडलं तर उडवा. (ब्रँडवाले जी मोकळी जागा सोडा म्हणतात ती वेगळी, ती लोगोंच्या मधल्या गॅपमध्ये द्यायची, फाइलच्या आत नाही.)

फाइली साफ झाल्या की प्रत्येकाचं गुणोत्तर काढा, म्हणजे रुंदी भागिले उंची. मग रुंदी येते ती अशी:

```
रुंदी = base * sqrt(गुणोत्तर)
उंची  = रुंदी / गुणोत्तर
```

base म्हणजे चौकोनी लोगोची बाजू किती ठेवायची तो आकडा, बाकी सगळे त्याच्याच क्षेत्रफळाचे होतात. तो मनाने ठरवू नका, पट्टीत जागा किती आहे त्यावरून काढा.

तुमच्यासारखेच पाच लोगो धरून करून दाखवते. पट्टी 1200 पिक्सेल रुंद. एक, लांबलचक ठळक नाव, गुणोत्तर 6. दोन, भरीव गोल शिक्का, 1. तीन, बाजूला चिन्ह आणि पुढे नाव, 3. चार, वर चिन्ह खाली नाव, 1.5. पाच, तो वरचा बारीक रेषांचा, 4. दोन्ही कडांना 40-40 सोडले तर उरले 1120, मधले चार गॅप 60 चे म्हणजे 240, लोगोंना मिळाले 880. पाचही गुणोत्तरांची वर्गमुळं 2.45, 1, 1.73, 1.22 आणि 2, बेरीज 8.4. 880 ला 8.4 ने भागलं की 104 च्या आसपास येतं, तोच base. त्यावरून रुंद्या येतात 255, 104, 180, 127, 208 आणि उंच्या साधारण 42, 104, 60, 85, 52. मी हे शीटमध्येच करते, `=104*SQRT(A2)` टाकून खाली ओढायचं, ऐन वेळी सहावा पार्टनर आला (येतोच) तरी दोन मिनिटांचं काम.

हे लावून बघितलं तर सेम हाइटपेक्षा कितीतरी बरं दिसतं, पण अजून जमलेलं नसतं. शिक्का जड वाटतो, बारीक रेषांचा अजूनही हलका. कारण क्षेत्रफळ आपण चौकटीचं सारखं केलं, चौकटीच्या आत शाई किती हे धरलंच नाही. भरीव वर्तुळ आपल्या चौकटीचा 78 टक्के भाग भरतं, ठळक अक्षरं त्यापेक्षा बरंच कमी भरतात आणि बारीक रेषा तर अगदीच थोडा. मग शाईच सारखी करून टाकू असं वाटेल, मीही एकदा पूर्ण शाईवर हिशोब केला होता, शिक्का बटणाएवढा झाला आणि रेषांचा लोगो अख्ख्या पट्टीवर पसरला, हसायला आलं. त्यामुळे दुरुस्ती हलक्या हाताने, भरीव लोगो 10-12 टक्के खाली, बारीक रेषांचा 10-15 टक्के वर, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आपल्या उदाहरणात शिक्का 104 वरून 92, रेषांचा 208 वरून 235. एकूण रुंदी झाली 889, म्हणजे जागा 9 पिक्सेलने कमी पडते, गॅप 60 ऐवजी 57 केले की बसतं.

खरंच जमलं का हे तपासायला पट्टीचा स्क्रीनशॉट घ्या, ग्रेस्केल करा आणि त्यावर गॉसियन ब्लर मारा, या साइझला 12-15 पिक्सेलचा. नावं वाचता येत नाहीत, नुसते पाच करडे डाग उरतात. एखादा डाग बाकीच्यांपेक्षा ठळकपणे काळा किंवा मोठा दिसला तर तो जड, एखादा जवळजवळ विरून गेला तर तो हलका. डोळे बारीक करून बघण्याचंच हे पक्कं रूप आहे, फरक एवढाच की नाव ओळखीचं असलं की डोळा त्याला उगीच मोठं समजतो, ब्लरमध्ये ती ओळख पुसली जाते. पांढऱ्यावर पिवळा किंवा फिकट निळा लोगो असेल तर तोही इथेच पकडला जातो. पार्टनर हो म्हणत असतील तर सगळे एकाच रंगात घ्या, निम्मं भांडण तिथेच मिटतं, पण न विचारता कोणाच्या लोगोचा रंग बदलू नका.

छोटं करताना इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये `Scale Strokes & Effects` चालू आहे ना ते बघा. बंद असेल तर आकार लहान होतो आणि रेषेची जाडी तीच राहते, मग तो नाजूक लोगो अचानक जाडजूड दिसायला लागतो आणि तुम्ही परत साइझशी खेळत बसता.

आता अलाइनमेंट. वरच्या कडेला किंवा खालच्या कडेला जुळवण्याच्या नादी लागू नका, 42 आणि 92 उंचीचे लोगो तळाला टेकवले की पायऱ्या दिसतात. मधली रेष धरायची. पण `Vertical Align Center` चौकटीचा मध्य घेतं आणि तो नेहमी डोळ्याचा मध्य नसतो. चार नंबरच्या लोगोत वर मोठं चिन्ह आणि खाली छोटं नाव आहे, त्याचं वजन वरच्या भागात, म्हणून चौकटीने मध्यावर ठेवला की तो वर सरकल्यासारखा वाटतो, दोनतीन पिक्सेल खाली घ्या. ज्या नावाखाली बारीक टॅगलाइन आहे तिथे मुख्य नाव मध्यरेषेच्या जवळ आणायचं आणि टॅगलाइन खाली लोंबू द्यायची. देवनागरी नावात एकदोन वेलांट्या वर आणि एखादा उकार खाली गेला की चौकट उगाच उंच होते, तिथे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा भाग धरून मध्य काढा. इंग्रजी नावात g किंवा y ची शेपटी असेल तर तोच प्रकार.

गॅपचंही तसंच. पाच समान खण पाडून प्रत्येकात एक लोगो मध्यावर ठेवला तर 92 वाल्याच्या दोन्ही बाजूंना मैदान आणि 255 वाला शेजाऱ्याला खेटलेला. गॅप कडेपासून कडेपर्यंत सारखा हवा, अलाइन पॅनेलमधलं `Distribute Spacing` त्यासाठीच आहे, वेबवर `display: flex` आणि `gap`. गोल शिक्क्याच्या बाजूला थोडी जास्त हवा वाटते कारण वर्तुळ कडेला एकाच बिंदूत टेकतं, तिथे तीनचार पिक्सेल आत ओढले तरी चालतात. क्रमही बघा, दोन लांब लोगो शेजारीशेजारी आले तर वाक्य वाचल्यासारखं होतं, मध्ये शिक्का टाका. वर्णानुक्रम ठरलेला असेल तर मात्र नाइलाज.

हे सगळं कुठे हात टेकतं तेही सांगते. गुणोत्तर 8 च्या पुढे गेलं की या सूत्राने उंची इतकी कमी येते की नाव वाचता येत नाही. अशा वेळी तो लोगो ओढूनताणून मोठा करण्यापेक्षा पार्टनरला दोन ओळींचं व्हर्जन मागा, बहुतेकांकडे असतं. टॅगलाइनशिवायचंही मागा, 42 पिक्सेल उंचीत टॅगलाइन म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. आणि काही झालं तरी एका बाजूने ताणू नका, इलस्ट्रेटरमध्ये `Shift` आणि इंकस्केपमध्ये `Ctrl` धरूनच साइझ बदला. मुख्य प्रायोजक आणि सहप्रायोजक असे गट असतील तर हा हिशोब प्रत्येक गटात वेगळा करा, वरच्या गटाचा base साधारण 1.4 पट ठेवला की क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि फरक लगेच कळतो.

मोबाइलवर अख्खी पट्टी आकसून टाकू नका, दोनतीन ओळी करा, base 70 वगैरे घ्या आणि दुरुस्तीचे टक्के तेच ठेवा.

एक गंमत म्हणून, एका पार्टनरच्या माणसाने प्रिंट आल्यावर खरोखर मोजपट्टी लावली होती, आमची उंची सगळ्यात कमी का म्हणून. तेव्हापासून मी शीटमधला क्षेत्रफळाचा कॉलम डिलीट करत नाही, प्रूफसोबतच पाठवून देते.