परिचारिकेची रजा आणि वॉर्डचे गणित

प्रश्न: मी मराठवाड्यातील एका जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. मे महिन्यात सख्ख्या बहिणीचे लग्न आहे. बारा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज "मनुष्यबळ कमी" असा शेरा मारून परत आला. रजा खात्यावर भरपूर शिल्लक आहे. मग रजा हा माझा हक्क नाही का? आता काय करावे?

सिस्टर, मी याच भागातील शासकीय रुग्णालयांत ३१ वर्षे नोकरी केली आणि शेवटची आठ वर्षे सहायक अधिसेविका म्हणून ड्युटीचे रोस्टर लावले. तुमच्यासारखे अर्ज माझ्या टेबलावर आले आहेत आणि त्यांतले काही मला परतही पाठवावे लागले आहेत. म्हणून उत्तर दोन्ही बाजूंनी देते.

आधी हक्काचे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यातील नियम १० सांगतो की रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि लोकसेवेची निकड असेल तर मंजुरी देणारा अधिकारी ती नाकारू शकतो किंवा दिलेली रजा रद्दही करू शकतो. खात्यावर रजा शिल्लक असणे म्हणजे ती कधीतरी मिळण्यास तुम्ही पात्र असणे. अमुक तारखेलाच मिळेल अशी हमी त्यात नाही. पण याच नियमाची दुसरी बाजू अनेकींना ठाऊक नसते. अधिकाऱ्याला रजा नाकारता येते, मात्र तुम्ही मागितलेल्या रजेचा प्रकार तुमच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. "अर्जित नको, बिनपगारी घ्या" असे कोणी तोंडी सुचवले आणि तुम्हाला ते नको असेल, तर तसा नवा अर्ज लिहून देऊ नका.

आता "मनुष्यबळ कमी" या शेऱ्याचा अर्थ. तुमचे कारण खोटे किंवा क्षुल्लक वाटले, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा नसतो. रोस्टर लावणारीसमोर कारण नंतर येते, आधी येते ती एक साधी बेरीज.

तीस खाटांचा एक मेडिकल वॉर्ड घ्या. सकाळी दोन, दुपारी दोन आणि रात्री एक, अशा दिवसाला किमान पाच ड्युट्या भरायच्या आहेत. आठवड्याच्या झाल्या ३५. साप्ताहिक ऑफ धरला तर एक सिस्टर आठवड्यात सहा ड्युट्या करते. वॉर्डात सात सिस्टर असतील तर हाती ४२ ड्युट्या येतात आणि एक जण रजेवर गेली तरी ३६ उरतात. म्हणजे वॉर्ड चालतो आणि आठवड्याला एक ड्युटी शिल्लकही राहते. दुसरी गेली की मात्र ३० उरतात आणि पाच ड्युट्या रिकाम्या पडतात. याचा अर्थ त्या वॉर्डात एका वेळी रजेची एकच जागा आहे. वर्षाला प्रत्येकीच्या ३० अर्जित आणि ८ नैमित्तिक रजा धरल्या तर सात जणींच्या मिळून २६६ दिवस होतात, आणि ते त्या एका जागेत वर्षभरात बसतात. पण कोणी १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर गेली की ती जागा सहा महिने भरलेली असते आणि बेरीज ४४६ वर जाते. मग बाकीच्या सहा जणींचे अर्ज एकापाठोपाठ परत येऊ लागतात. प्रसूती रजा मिळालीच पाहिजे, त्यात त्या बाईचा काही दोष नाही. तिच्या जागी बदली मनुष्य न देणे हा दोष आहे, आणि तो वॉर्डाच्या पातळीवर सुटत नाही.

त्यात तुमची मे महिन्याची अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे लग्नाच्या तिथी आणि उन्हाचा कडाका एकाच वेळी येतात. उष्माघात कक्ष उघडला की त्यासाठी एखाद-दुसरी सिस्टर वॉर्डांतूनच काढावी लागते आणि टँकरच्या पाण्यावरच्या गावांतून जुलाब-उलट्यांचे रुग्णही वाढतात. नेमक्या त्याच पंधरवड्यात प्रत्येक वॉर्डात कोणाच्या ना कोणाच्या घरी लग्न असते. नवरात्रातही असेच होते, कारण तुळजापूरच्या यात्रेसाठी आरोग्य पथके लागतात.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की नवा अर्ज लिहिण्याआधी वॉर्डाचे रोस्टर घेऊन बसा. त्या तारखांना आधीच कोण रजेवर आहे, कोणाचा अर्ज तुमच्या आधी गेला आहे आणि आठवड्याला किती ड्युट्या शिल्लक राहतात किंवा कमी पडतात, हे कागदावर मांडा. इन्चार्ज सिस्टरकडून ही माहिती अर्ध्या तासात मिळते.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण तपशिलाने सांगते, कारण ते तुमच्याशी जुळते. वर सांगितला तसाच सात जणींचा वॉर्ड होता. एक सिस्टर जूनपर्यंत प्रसूती रजेवर होती. दुसरीच्या भावाचे लग्न होते आणि तिने मे महिन्यात बारा दिवस मागितले. पहिल्या अर्जावर मीच प्रतिकूल शिफारस केली होती, कारण जवळजवळ दोन आठवडे पाच-पाच ड्युट्या रिकाम्या राहणार होत्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा आली तेव्हा आम्ही दोघींनी रोस्टर समोर घेतले. तिला हळदीपासून सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत नव्हे, तर लग्नाच्या आठवड्यातच खरी गरज होती, हे तिने स्वतःच मान्य केले. सोमवार ते रविवार अशी सात दिवसांची अर्जित रजा ठरली. आधीच्या आठवड्याचा तिचा ऑफ रविवारी आणि नंतरच्या आठवड्याचा सोमवारी लावला. त्यामुळे रजा सात दिवस, पण ड्युटीपासून मोकळीक नऊ दिवस मिळाली.

राहिल्या त्या आठवड्याच्या पाच रिकाम्या ड्युट्या. येथे वेळ कामाला आली. तोवर वॉर्डात सहा जणी होत्या, म्हणजे आठवड्याला ३६ ड्युट्या आणि गरज ३५ ची. ती उरणारी एकेक ड्युटी आम्ही तीन आठवडे वाया जाऊ दिली नाही. दर आठवड्याला एका सहकारी सिस्टरला एक ऑफ जादा दिला आणि त्या बदल्यात लग्नाच्या आठवड्यात तिने आपला ऑफ न घेता काम करायचे, असे तिघींकडून लेखी घेतले. तीन ड्युट्या अशा भरल्या. उरलेल्या दोन मी मुलांच्या वॉर्डातून दिल्या, तिथे त्या आठवड्यात रुग्ण कमी होते. कोणाचा ऑफ बुडाला नाही, कोणावर उपकाराचे ओझे राहिले नाही आणि अधिसेविकांपुढे अर्ज गेला तेव्हा त्याच्यासोबत प्रत्येक ड्युटी कोण करणार याचा तक्ता होता. तो मंजूर झाला. हाच अर्ज तिने लग्नाच्या आठवड्याच्या जेमतेम आठ दिवस आधी आणला असता तर जास्तीत जास्त एक ड्युटी मागे टाकता आली असती. अर्ज लवकर करायचा तो याचसाठी, की शिल्लक ड्युट्या साठवायला आठवडे हाती असावेत.

तुमच्या अर्जाचे म्हणाल तर विहित नमुना भराच, पण त्याला एक पान जोडा. त्यात साधारण असा मजकूर असू द्या: "माझ्या बहिणीचा विवाह अमुक तारखेस असल्याने मला अमुक ते अमुक असे सात दिवस अर्जित रजा मंजूर व्हावी. आधीचा व नंतरचा साप्ताहिक ऑफ रजेस जोडण्याची आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी. या कालावधीतील ड्युट्यांची पर्यायी व्यवस्था सोबतच्या तक्त्यात दिली असून संबंधित परिचारिकांच्या संमतीच्या सह्या घेतल्या आहेत. पूर्ण कालावधी देणे शक्य नसल्यास किमान अमुक ते अमुक रजा मिळावी." रजेच्या काळातला पत्ता आणि फोन द्या. आस्थापना लिपिकाकडून रजा शिल्लक असल्याचा शेरा आधीच घ्या, कारण तेवढ्यासाठी अर्ज तिथे आठवडाभर पडून राहिलेले मी पाहिले आहेत. इन्चार्ज सिस्टरची शिफारस घेऊन अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख टाकून घ्या. नैमित्तिक रजा अर्जित रजेला जोडता येत नाही, तेव्हा दोन्ही मिळून दिवस वाढवण्याचा बेत करू नका.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. "जा तुम्ही, मी बघते" एवढ्या तोंडी शब्दावर गाव सोडू नका. त्या दिवशी वॉर्डात काही अघटित घडले तर सांगणारीलाही ते आठवणार नाही आणि तुमची नोंद अनधिकृत गैरहजर अशी होईल. पगार जाईल आणि शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकेल. दुसरे, आजारपणाचे खोटे प्रमाणपत्र आणू नका. प्रमाणपत्र दिले म्हणून रजेचा हक्क आपोआप मिळत नाही, अधिकारी दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊ शकतो, आणि लग्नाचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डाच्या फोनवर असतात. शिवाय पुढच्या वेळी एखादी खरोखर आजारी पडली की तिच्याकडेही संशयाने पाहिले जाते. हे मी पाहिले आहे आणि त्याचा मला फार त्रास झाला.

एवढे करूनही नकार आला तर तो कारणासह लेखी मागा. मग एक गोष्ट तपासा: त्याच तारखांना तुमच्यानंतर अर्ज केलेल्या कोणाला त्याच वॉर्डातून रजा दिली आहे का? तसे नसेल आणि तक्ताच जुळत नसेल, तर नकार खरा आहे, तो मनाला लावून घेऊ नका आणि लग्नाच्या दिवसापुरते दोन-तीन दिवस नैमित्तिक रजेतून आणि ड्युटी बदलून मिळतात का ते पाहा. तसे घडले असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना दोन्ही अर्जांच्या आवक तारखा देऊन निवेदन द्या आणि त्याची प्रत आपल्या परिमंडळाच्या, म्हणजे लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील, आरोग्य उपसंचालकांकडे रीतसर मार्गाने पाठवा. निवेदनात रागाचे शब्द नकोत, रोस्टरचे आकडे असू द्या.

वॉर्डात सातऐवजी पाचच सिस्टर असतील तर वर सांगितलेली युक्ती चालणार नाही, कारण तिथे साठवायला शिल्लक ड्युटीच नसते. पाच जणींच्या ३० ड्युट्यांत ३५ बसवताना ऑफसुद्धा बुडत असतात. अशा वॉर्डाचा आठवड्याचा तक्ता, रिक्त पदांची संख्या आणि सहा महिन्यांत नाकारलेल्या रजांची यादी तुमच्या परिचारिका संघटनेकडे द्या. लग्नासाठी मात्र अधिसेविकांकडे त्या एका आठवड्यापुरती दुसऱ्या वॉर्डातून एक सिस्टर मागा, आणि ती मागणी आजच करा, कारण एप्रिल संपता संपता प्रत्येक वॉर्डातून अशीच मागणी येणार आहे.