मलपृष्ठ मराठीत आणताना

प्रश्न: इंग्रजी पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाकडे ओढणारा छोटा मजकूर, आणि लेखिकेचा परिचय मराठीत केला, पण वाचताना भाषांतर वाटतं. नेमकं काय चुकतंय?

उत्तर: आधी सर्वनामं तपासा. इंग्रजीत नायिका आणि लेखिका दोघींना एकच सर्वनाम चालतं. मराठीत नायिका 'ती', पण परिचयातली लेखिका 'त्या'. परिचयात 'ती लिहिते' आलं की मजकूर तिथेच परका होतो.

मग ब्लर्बचं पहिलं वाक्य बघा. बहुधा ते असं असेल: 'जेव्हा मीराचे वडील गायब होतात, तेव्हा तिला गावी परतावे लागते, जिथे एक रहस्य तिची वाट पाहत असते.' यातले जेव्हा-तेव्हा-जिथे काढा आणि वाक्य तोडा. 'मीराचे वडील अचानक नाहीसे होतात. बारा वर्षांनी ती गावी परतते. घराची किल्ली शेजारणीकडे आहे, पण शेजारीण बोलायला तयार नाही.' नुसत्या 'रहस्य' शब्दापेक्षा ही किल्ली वाचकाला आत ओढते. असा तपशील पुस्तकातलाच हवा, म्हणून पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय मी ब्लर्बला हात लावत नाही.

परिचयातलं 'पती आणि दोन मांजरांसह राहते' मराठीत खटकतं. 'सध्या वास्तव्य एडिनबरो येथे' पुरतं. मात्र मूळ मजकूर गाळण्याआधी प्रकाशकाला विचारा. काही करारांत परिचय जसाच्या तसा ठेवण्याची अट असते.